चेहरा हाच विनोद असतो तेव्हा

वर्गातल्या एखाद्या मुलाला वर्षानुवर्षे ‘ढापण्या’ किंवा ‘जाड्या’ अशी हाक मारली जाते, तोही त्या हाकेला ओ देतो आणि कोणालाच त्यात काही वावगे वाटत नाही. मात्र तोच शब्द त्याच्या छायाचित्रावर लिहून व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपवर फिरवला, तर तो मुकाट्याने ग्रुप सोडून जातो, आणि इतकी वर्षे जे चालत होते ते आजच का लागले, असा प्रश्न मित्रांना पडतो. शब्द तोच, शरीर तेच आणि बहुतेक वेळा मित्रही तेच असतात, तरीही एका ठिकाणी मस्करी असते आणि दुसऱ्या ठिकाणी तिची कुस्करी होते. मराठी भाषेने हा फरक फार पूर्वीपासून ओळखलेला आहे. थट्टा, मस्करी, टिंगल, टवाळी, कुचेष्टा आणि हेटाळणी हे शब्द एकमेकांचे समानार्थी नसून एका उताराच्या पायऱ्या आहेत, आणि आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत हे बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याला आधी कळते.

मीममुळे हे कळणे अवघड झाले आहे. मीम म्हणजे एखादे छायाचित्र किंवा चित्र आणि त्यावर ओळ-दोन ओळींचा मजकूर यांची अशी जोडणी, की जी एकाकडून दुसऱ्याकडे जाताना कधी जशीच्या तशी, तर कधी मजकूर बदलून पसरत राहते. तिच्यात एखाद्याच्या दिसण्यावर विनोद असेल, तर तो निरुपद्रवी आहे की दुखावणारा आहे, हे ठरवण्यासाठी ‘मला तर हसू आले’ किंवा ‘मला तर राग आला’ एवढा आधार पुरेसा ठरत नाही. त्यासाठी हसू मुळात कसे फुटते, तिथून सुरुवात करावी लागते.

हसण्यासाठी लागणारे अंतर

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातील पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये विनोदाविषयी एक उपपत्ती मांडली. तिचा गाभा असा, की जग जसे असायला हवे असे आपल्याला वाटते त्याला कोठेतरी धक्का बसावा लागतो, त्याच वेळी तो धक्का निरुपद्रवीही वाटावा लागतो, आणि या दोन्ही जाणिवा एकाच क्षणी झाल्या, तर हसू येते. पावसाळ्यात रस्त्यावर कोणी घसरून पडला आणि लगेच उठून कपडे झटकू लागला, तर पाहणारे हसतात. तो उठलाच नाही, तर तेच लोक धावत जातात. गुदगुल्यांचेही तसेच आहे: आईने केल्या तर मूल खिदळते, अनोळखी माणसाने केल्या तर रडते, कारण स्पर्श तोच असला तरी तो निरुपद्रवी असल्याची खात्री नाहीशी झालेली असते.

धक्का निरुपद्रवी का वाटतो, याचे एक मोठे कारण म्हणजे अंतर. याच संशोधकांनी पुढे सहकाऱ्यांसह २०१२ मध्ये दाखवून दिले, की मोठी आपत्ती दूरची असेल तर तिच्यावरचा विनोद सहन होतो, आणि किरकोळ फजिती जवळची असेल तर ती अधिक गमतीची वाटते. हे अंतर मैलांचे असू शकते, वर्षांचे असू शकते किंवा नात्याचे असू शकते. दुरून डोंगर साजरे दिसतात, तसेच दुरून दुसऱ्याचे दुःखही हलके दिसते.

दिसण्यावरच्या मीमची सगळी गुंतागुंत या अंतरात आहे, कारण हे अंतर सर्वांसाठी सारखे नसते. मोबाइलवर बोट सरकवत असलेल्या माणसासाठी छायाचित्रातील व्यक्ती हजारो मैल दूर असते, तिला नाव नसते आणि ती कधी समोर येणार नसते. म्हणून धक्का निरुपद्रवी वाटतो आणि हसू येते. छायाचित्रातील व्यक्तीसाठी मात्र हे अंतर शून्य असते, कारण आपल्या चेहऱ्यापासून कोणालाही चार पावले मागे सरकता येत नाही. हसणारा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच काही बोचलेले नसते. पण त्याला बोचले नाही यावरून मीममध्ये काटा नाही असे ठरत नाही, आणि म्हणूनच कसोटी हसणाऱ्याच्या जागेवरून न लावता छायाचित्रातील व्यक्तीच्या जागेवरून लावावी लागते.

एका मीमची फोड

हे नीट दिसण्यासाठी एक प्रत्यक्ष उदाहरण बारकाईने पाहणे उपयोगी ठरेल. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९८९ मध्ये जन्मलेल्या लिझी व्हेलास्केझ यांना अतिशय दुर्मीळ असा जन्मजात आजार आहे, ज्यामुळे शरीरात चरबी साठत नाही, कितीही खाल्ले तरी वजन वाढत नाही आणि चेहरा लहान वयातच ओढलेला दिसतो. त्यांना एका डोळ्याने दिसतही नाही. सतरा वर्षांच्या असताना त्यांना यूट्यूबवर स्वतःचाच काही सेकंदांचा एक व्हिडिओ सापडला, ज्याला जगातील सर्वांत कुरूप स्त्री अशा अर्थाचे शीर्षक दिलेले होते आणि जो लक्षावधी लोकांनी पाहिलेला होता. पुढे त्या वक्त्या आणि लेखिका म्हणून नावारूपाला आल्या, तरी छायाचित्रे फिरणे थांबले नाही. २०१६ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्याच छायाचित्राचे एक मीम फेसबुकवर पसरले. त्यात त्या एका झाडाजवळ उभ्या होत्या आणि वर साधारण असा मजकूर होता, की अमुक नावाच्या मित्राने या झाडामागे भेटायचे ठरवले आहे, त्याला टॅग करा आणि बाकी काही बोलू नका. टॅग करणे म्हणजे एखाद्याचे नाव तिथे जोडणे, जेणेकरून त्याला सूचना जाईल आणि त्याने ते उघडून पाहावे.

या मीममध्ये व्हेलास्केझ यांच्याविषयी एकही शब्द नाही. कुरूप, विचित्र किंवा बारीक असे कोणतेही विशेषण नाही, शिवी नाही, टोमणाही नाही. टॅग करणाऱ्याला विचारले असते, तर त्याने मनापासून सांगितले असते, की आपण त्या बाईंची नव्हे तर आपल्या मित्राची गंमत केली. आणि ते एका अर्थी खरेही असते, कारण फजिती व्हायची होती ती मित्राची. पण ही फजिती कशाने होते, हे विचारले की मीमचा सांगाडा उघडा पडतो. मित्राने छायाचित्र उघडावे, दचकावे आणि ‘हिच्याशी भेट’ या कल्पनेने त्याची खोड मोडावी, यावर सगळा विनोद उभा आहे. म्हणजे तो चेहरा हीच एक शिक्षा आहे, हे सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने आधीच, न बोलता मान्य केलेले आहे. थट्टा मित्राची, पण थट्टेचे हत्यार एका जिवंत माणसाचा चेहरा, आणि त्या हत्याराला कसे वाटत असेल हा प्रश्न दोघांपैकी कोणाच्याही मनात येत नाही.

त्यात माध्यमाच्या रचनेची भर पडते. प्रत्येक टॅग ही त्या पोस्टवरची एक प्रतिक्रिया ठरते, प्रतिक्रिया वाढल्या की समाजमाध्यम ती पोस्ट आणखी लोकांसमोर नेते, आणि अशा रीतीने प्रत्येकाची छोटी, मित्रापुरती मस्करी मिळून एका व्यक्तीभोवती फार मोठी गर्दी जमवते. कोणी एकट्याने काही मोठे वाईट केलेले नसते, आणि तरीही जे घडते ते मोठे आणि वाईट असते. व्हेलास्केझ यांनी तेच मीम आपल्या इन्स्टाग्रामवर लावून त्याखाली लिहिले, की आपण बळी म्हणून नव्हे तर स्वतःचा आवाज वापरणारी व्यक्ती म्हणून हे लिहीत आहोत, आणि ज्यांची छायाचित्रे अशी वापरली जातात ती माणसेही कदाचित याच वेळी जागी राहून तोच पडदा सरकवत असतील. अंतर शून्य असणे म्हणजे काय, हे याहून नेमकेपणाने सांगता येणे कठीण आहे.

चेहरा बदलून पाहण्याची कसोटी

वरील फोडीतून एक साधी कसोटी हाती येते. मजकूर तसाच ठेवून छायाचित्र बदलून पाहावे. झाडाजवळच्या मीममध्ये चारचौघींसारख्या दिसणाऱ्या एखाद्या स्त्रीचे छायाचित्र घातले, तर विनोद नाहीसा होतो. वाघाचे किंवा भुताचे चित्र घातले, तर तो पुन्हा उभा राहतो. म्हणजे त्या जागी माणसाचा चेहरा वाघाचे किंवा भुताचे काम करत होता. चेहरा बदलताच जो विनोद मरतो, तो शरीरावरच उभा असतो, मग मजकुरात शरीराचा उल्लेख असो वा नसो.

याच्या उलट उदाहरणे पाहिली, की कसोटी अधिक स्पष्ट होते. ओठांवर हसू आणि डोळ्यांत वेदना असलेल्या एका वृद्ध गृहस्थाचे छायाचित्र बहुतेक सर्वांनी पाहिलेले असते. ते हंगेरीतील आंद्राश अराटो नावाचे अभियंते असून जाहिरातींसाठी विकल्या जाणाऱ्या छायाचित्रांकरिता त्यांनी आपली छायाचित्रे काढू दिली होती. ती मीम म्हणून पसरली तेव्हा त्यांना ते आवडले नव्हते; पुढे मात्र त्यांनी ते स्वीकारले आणि त्याविषयी जाहीर भाषणेही दिली. या मीमकडे पाहून हसणारा माणूस त्या गृहस्थांच्या सुरकुत्यांना हसत नाही; पगार झाल्यावर हप्ता कापला जातो तेव्हा माझाही चेहरा असाच होतो, असे तो म्हणत असतो. तो स्वतःला त्या चेहऱ्याच्या जागी ठेवतो. पाहणाऱ्याला त्या चेहऱ्याच्या जागी उभे राहावेसे वाटते, की त्या चेहऱ्यापासून दूर पळावेसे वाटते, एवढे तपासले तरी अर्धा निवाडा होतो.

दातांना तारा, अंगात चौकड्यांचे बिनबाह्यांचे स्वेटर आणि तोंडभर अवघडलेले हसू असलेला ‘दुर्दैवी ब्रायन’ हे दुसरे उदाहरण. हे छायाचित्र काइल क्रेव्हन या मुलाने शाळेच्या वार्षिक अंकासाठी मुद्दाम विचित्र दिसेल असे काढून घेतले होते, आणि २०१२ मध्ये त्याच्याच मित्राने ते नशीब फुटक्या मुलाचे म्हणून प्रसिद्ध केले. इथे थट्टा दिसण्याची आहे, हे नाकारता येत नाही. तारा लावलेल्या इतर मुलांना ती लागली नसेलच, असेही म्हणता येत नाही. पण सोंग त्याने स्वतः घेतलेले होते आणि ते उतरवून ठेवता येणारे होते. निवडलेला वेश आणि वाट्याला आलेले शरीर यांतला हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण केशभूषेवर, गॉगलवर किंवा लग्नातल्या भडक शेरवानीवर केलेली थट्टा ऐकून माणूस उद्या दुसरा पोशाख घालू शकतो. काळा रंग, बुटकेपणा, कोडाचे डाग किंवा मुलीच्या ओठांवरची लव यांवरच्या थट्टेला त्याच्याकडे करण्यासारखे काहीच उरत नाही.

मग अर्कचित्राचे काय?

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. व्यंगचित्रकार नेत्यांची नाके लांबवतात, पोटे फुगवतात, कान ताणतात, आणि त्यालाच आपण कला म्हणतो; मग मीमनेच काय पाप केले? या प्रकाराला मराठीत अर्कचित्र असा सुंदर शब्द आहे, कारण त्यात चेहऱ्यातले पाणी आटवून उरलेला अर्क तेवढा ठेवलेला असतो. आर. के. लक्ष्मण यांनी इंदिरा गांधींचे नाक वर्षानुवर्षे लांबलचक काढले, पण ते नाक हा विनोद नव्हता. नाकामुळे व्यक्ती ओळखू येत असे आणि विनोद असे तो तिच्या निर्णयावर. नाक ही केवळ पाटी होती. चित्रातले नाक लहान केले असते, तरी निर्णयावरची टीका तशीच उभी राहिली असती, म्हणजे चेहरा बदलून पाहण्याच्या कसोटीला अर्कचित्र उतरते. शिवाय ज्याच्यावर टीका होते त्याच्याकडे सत्ता असते, उत्तर द्यायला व्यासपीठ असते. १९४८ मध्ये ‘शंकर्स वीकली’च्या प्रकाशनाच्या वेळी पंडित नेहरूंनी व्यंगचित्रकार शंकर यांना आपल्यालाही सोडू नका, असे सांगितल्याचे प्रसिद्धच आहे. रेल्वेच्या डब्यात झोपलेल्या एखाद्या जाडजूड प्रवाशाचे चोरून काढलेले छायाचित्र आणि नेहरूंचे अर्कचित्र यांना एकाच मापाने मोजता येत नाही, कारण त्या प्रवाशाने ना सार्वजनिक जीवन स्वीकारलेले असते, ना होकार दिलेला असतो, ना त्याला पत्ता असतो.

अर्थात, नेत्यावरच्या प्रत्येक मीमला अर्कचित्राचे संरक्षण मिळते असेही नाही. एखाद्या स्त्री-नेत्याच्या धोरणाविषयी अवाक्षर न काढता तिच्या वजनावरच मीम बनत असेल, तर व्यक्ती सार्वजनिक असली तरी विनोद शरीरावरचाच असतो, आणि तिच्यासारख्या शरीराच्या हजारो अनाम स्त्रिया ते मीम वाचत असतात.

> चौकट : सर्वोच्च न्यायालयाने केलेला भेद
>
> ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटातील अपंगांच्या चित्रणाविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी केलेल्या याचिकेवर ८ जुलै २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने विनोदाचे दोन प्रकार वेगळे केले. एक ‘डिसेबलिंग ह्यूमर’, म्हणजे अपंग व्यक्तीला हिणवणारा, तिची किंमत कमी करणारा विनोद. आणि दुसरा ‘डिसॅबिलिटी ह्यूमर’, म्हणजे अपंगत्वाविषयीच्या रूढ समजुतींना धक्का देणारा, ते अधिक नीट समजायला लावणारा विनोद. विषय एकच असला, तरी पहिल्यात हसू व्यक्तीवर असते आणि दुसऱ्यात लोकांच्या गैरसमजावर. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ९२ नुसार, अपंग व्यक्तीला खाली पाहायला लावण्याच्या हेतूने लोकांसमक्ष तिचा जाणूनबुजून अपमान करणे हा गुन्हा आहे.

‘गंमत होती’ हे उत्तर का पुरत नाही

थट्टा करणाऱ्याचा हेतू चांगला होता, हे बहुतेक वेळा खरे असते. जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिडवण्याविषयी केलेला एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात असे दिसले, की चिडवणाऱ्याला आपला खेळकर हेतू जितका उघड वाटतो, तितका तो ज्याला चिडवले त्याला दिसत नाही. हेतू चिडवणाऱ्याच्या मनात असतो. समोरच्याला मिळतात ते फक्त शब्द. समोरासमोर ही दरी भरून काढण्याची साधने असतात: मिचकावलेला डोळा, लाडिक केलेला सूर, खांद्यावर पडलेली थाप, अतिशयोक्ती इतकी की ती खरी मानताच येऊ नये. ‘जाड्या, चल, वडापाव खाऊ’ या वाक्यात ‘चल’ हा शब्द ‘जाड्या’ला उचलून धरतो, कारण त्याच्यात सोबतीचे आमंत्रण असते.

मीममध्ये ही सगळी साधने गळून पडतात. छायाचित्राला सूर नसतो, थाप नसते, आमंत्रण नसते; उरतो तो शरीरावरचा शेरा. आणि मीम एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेले, की ज्यांनी हसू सुरू केले होते त्यांचे नातेही मागे राहते, व तिसऱ्या ग्रुपवरच्या लोकांना तो मित्र नसून केवळ एक जाडा माणूस दिसतो. लेखाच्या आरंभीचे कोडे इथे सुटते: हाकेतला शब्द नात्याच्या आधारावर उभा होता, आणि मीमने शब्द नेला पण आधार नेला नाही.

पाहणाऱ्यांवर होणारा परिणामही विचारात घ्यावा लागतो. टॉमस फोर्ड आणि मार्क फर्ग्युसन यांनी २००४ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, एखाद्या गटाला हिणवणारा विनोद नवा पूर्वग्रह सहसा निर्माण करत नाही, पण ज्यांच्या मनात तो आधीच असतो त्यांना तो उघडपणे वागवण्याची मुभा देतो. फोर्ड यांचे प्रयोग मुख्यतः स्त्रियांना हिणवणाऱ्या विनोदांविषयीचे असल्यामुळे ते शरीरावरच्या प्रत्येक मीमला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही ‘काळी मुलगी’ किंवा ‘टकला नवरा’ या विषयावरची मीम ज्या घरात स्थळे पाहिली जातात त्याच घरातल्या मोबाइलवर येतात, हे विसरून चालणार नाही.

जिथे निवाडा अडतो

माणूस स्वतःच आपल्या दिसण्यावर विनोद करतो तेव्हा निवाडा सर्वांत अवघड होतो. टक्कल पडलेल्या गृहस्थाने स्वतःचे छायाचित्र ‘चंद्रोदय झाला’ म्हणून टाकले, तर होकार, हेतू आणि निवड या तिन्ही कसोट्या पार पडतात. पण त्याने दिलेला होकार त्या दिवसापुरता, त्या विनोदापुरता आणि त्या लोकांपुरता असतो. त्याचे स्टिकर करून पुढची तीन वर्षे प्रत्येक वाढदिवसाला पाठवण्याचा परवाना त्याने कोणाला दिलेला नसतो.

ज्याच्यावर मीम आहे तोही हसला, हा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो, आणि तो सर्वांत कच्चा पुरावा आहे. ग्रुपवर सर्वांसमोर दुखावल्याचे कबूल करणे म्हणजे ‘याला गंमत कळत नाही’ असा दुसरा शिक्का ओढवून घेणे. म्हणून पुष्कळ माणसे सर्वांच्या आधी हसण्याचे चिन्ह पाठवून मोकळी होतात. खरी खूण त्या चिन्हात नसते, ती नंतरच्या वागण्यात असते. खेळकरपणे घेतलेले मीम तो माणूस स्वतःहून पुन्हा वापरतो, त्यात भर घालतो, उलट दुसऱ्याचेही एखादे करतो. लागलेल्या मीमनंतर तो उत्तरे देतो ती एका शब्दात, त्याचा डीपी बदलून तिथे फुलाचे किंवा देवाचे चित्र येते, आणि वर्गमित्रांच्या मेळाव्याच्या छायाचित्रांत तो कुठेच सापडत नाही, कारण दर वेळी ‘तुम्ही उभे राहा, मी काढतो’ असे म्हणून मोबाइल त्यानेच हातात घेतलेला असतो.